निळ्या दिव्याचा निषेध असो!

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी स्टुलावर चढून दिवाळीची माळ टांगून बघतंय. माळ निळी आहे. नुसती निळी. दिवसाढवळ्या पेटवूनसुद्धा डोळ्यात घुसतेय. रात्री काय होणार आहे ते मला आत्ताच माहिती आहे, म्हणून आजची पोस्ट. विषय क्षुल्लक वाटेल, पण आमच्या घरात या विषयावरून तीन दिवाळ्या भांडणं झाली आहेत, तेव्हा कृपया हसू नये.

आधी बाजू सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की लेखक गोलगोल बोलतो. बाल्कनीतली रोषणाई भडक दिसते त्याचं खापर आपण नेहमी 'रंगीबेरंगी'वर फोडतो. माझं म्हणणं असं की रंगीबेरंगी बिचारी निर्दोष आहे. गुन्हेगार एकच, निळा. आणि त्याचा एक जुळा भाऊ आहे, तो पांढरे कपडे घालून फिरतो. त्याला बाजारात 'कूल व्हाईट' म्हणतात. या दोघांना बाल्कनीतून हाकला, मग लाल लावा, पिवळा लावा, हिरवासुद्धा बेताने लावा. छान दिसेल.

आता हे मला कसं कळलं त्याची गोष्ट. गोष्ट लांब आहे.

आमचा फ्लॅट पुण्यात, चौथ्या मजल्यावर. बाल्कनी दहा फूट बाय चार फूट, म्हणजे कपडे वाळत घालायचा स्टँड आणि आईची तुळस ठेवली की माणसाने आडवं होऊन जायचं. भिंत क्रीम रंगाची, वर छत पांढरं, पुढे लोखंडी रेलिंग. बाबा रिटायर होऊन गावाकडून आमच्याकडे राहायला आले ते २०२३ साली. त्या दिवाळीत मी उत्साहाने ऑनलाईन एक माळ मागवली. चित्रात ती चांदण्यासारखी दिसत होती. लावली. बाबा पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "दवाखाना झाला रे."

मी अर्थातच चिडलो. हापिसातल्या सगळ्यांच्या बाल्कन्यांमध्ये तसंच होतं. मी त्यांना म्हणालो की बाबा, हल्ली असंच असतं, याला एलिगंट म्हणतात. ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, त्यांनी मला न विचारता कोपऱ्यावरच्या दुकानातून एक रंगीत माळ आणली. लाल, हिरवी, निळी, पिवळी. स्वतः लावली, बटण दाबलं, आणि मी जे बोललो ते इथे लिहितो, कारण नंतर त्याची लाज वाटली. मी म्हणालो, "बाबा, हे ऑर्केस्ट्रा बारसारखं दिसतंय."

त्यांनी माळ काढली, गुंडाळली आणि पिशवीत भरून ठेवली. "आम्ही गावंढळच," एवढंच म्हणाले. त्या दिवाळीत बाल्कनीत फक्त आकाशकंदील होता आणि आईच्या चार पणत्या.

गंमत म्हणजे मी चुकीचं बोललो नव्हतो. ती माळ खरंच भयंकर दिसत होती. पण बाबांच्या डोक्यात जी रंगीत माळ होती ती वेगळीच होती, आणि हे आम्हाला दोघांनाही माहिती नव्हतं.

ते कळलं २०२५ च्या दिवाळीच्या आधी. गावचं घर आवरताना माळ्यावर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, आणि त्यात बाबांची नव्वदच्या दशकातली माळ. छोटे छोटे काचेचे बल्ब, प्रत्येकावर प्लॅस्टिकची फुलाच्या आकाराची रंगीत टोपी. माझ्या लहानपणी हीच असायची, मला एकदम ओळखू आली. पुण्याला आणून लावली तर ढिम्म. ही माळ सिरीजमध्ये असते, म्हणजे एक बल्ब गेला की त्या रांगेतले सगळे जातात. बाबांनी दुपारभर बसून एक चांगला बल्ब हातात घेऊन प्रत्येक जागी बदलून बघण्याचा उद्योग केला. दर वेळी प्लग काढायचा, बल्ब बदलायचा, प्लग लावायचा. हे डीबगिंग आहे आणि ते माझ्यापेक्षा शांतपणे करतात असं माझ्या लक्षात आलं. संध्याकाळी एकदाची माळ पेटली.

आणि काय सांगू, सुंदर दिसत होती! चारही रंग होते. निळासुद्धा होता. पण भडक म्हणावं असं काहीही नव्हतं.

मी इंजिनिअर असल्यामुळे मला गप्प बसवेना. मी एका पेटलेल्या बल्बची टोपी काढली. आत साधा पिवळसर दिवा. शेजारची काढली, तोच. सगळीकडे तोच एक दिवा होता, रंग फक्त टोपीचा. म्हणजे लाल टोपीतूनसुद्धा तोच उबदार उजेड गाळून येत होता आणि हिरव्यातूनही. शिवाय फुलाच्या देठापाशी थोडा न गाळलेला उजेड निसटत होता, आणि तो सगळ्या रंगांना एकत्र धरून ठेवत होता. आणि निळी टोपी? ती सगळ्यात मंद होती. शाईच्या थेंबासारखी. कारण तारेच्या बल्बच्या उजेडात निळा भाग मुळात नगण्य असतो. टोपी निळ्याशिवाय बाकीचं सगळं अडवते, आणि निळा तर आतून फारसा येतच नाही. मग उरतं काय?

म्हणजे जुन्या माळेत निळा हा सगळ्यात अशक्त गडी होता. त्याला कोणी दाबला नव्हता, तो मुळातच अंगाने बारीक.

एलईडीच्या माळेत हा हिशोब उलटा होतो. एलईडी पांढरा उजेड गाळून रंग देत नाही, तो रंगच निर्माण करतो. निळ्या एलईडीतून निळाच उजेड निघतो, दुसरं काही नाही, आणि तो जोरात निघतो. झगझगीत निळा एलईडी बनवणं हे फार अवघड काम होतं. लाल आणि हिरवट एलईडी कितीतरी आधीपासून होते, पण निळा नीट जमला तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, जपानमध्ये. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शोध थोरच आहे, वाद नाही. तुम्ही हे ज्या पडद्यावर वाचताय तोही बहुतेक त्याच्याच जिवावर उजळलाय. पण नोबेल मिळालं म्हणून त्याने तुळशीच्या डोक्यावर येऊन बसावं असं कुठे आहे?

आता तुम्ही म्हणाल, असेल जोरात, पण निळाच एवढा का टोचतो? लाल का नाही टोचत? इथे दिव्यापेक्षा आपला डोळा जास्त जबाबदार आहे.

संध्याकाळी उजेड कमी व्हायला लागला की घरच्या कुंडीतल्या लाल जास्वंदीकडे बघा. दुपारी फूल पेटल्यासारखं लाल असतं आणि पानं मागे असतात. दिवेलागणीला फूल काळपट होतं आणि पानं मात्र अजून उजळ दिसतात. फूल तेच, पानं तीच, बदलतो तो डोळा. अंधारात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी कामाला लागतात आणि त्यांना निळा-हिरवा भाग जास्त दिसतो, लाल जवळजवळ दिसतच नाही. पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकात टिपून ठेवलं, म्हणून त्याचं नाव त्याला चिकटलंय. म्हणजे रात्र जितकी गडद तितका निळ्याला अन्यायकारक फायदा. दुकानात लखलखाटात चारही रंग बरोबरीचे वाटतात, आणि घरी अंधारात लावले की निळा बाकीच्यांच्या अंगावर चढतो. दुकानदार फसवत नाही हो, डोळा फसवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फोकस. डोळ्याचं भिंग सगळे रंग एकाच जागी आणत नाही. लांबचा लाल-पिवळा दिवा नीट दिसत असेल तेव्हा निळ्याचा फोकस पडद्याच्या अलीकडेच पडतो, त्यामुळे निळ्या ठिपक्याभोवती धुरकट पिसारा दिसतो. रस्त्यावरून निळी माळ लावलेली बाल्कनी बघा, दिवे मोजता येत नाहीत, नुसता निळा धूर. तीच माळ पिवळी असेल तर एकेक दिवा टिपता येतो. आपण ज्याला 'नाजूक' म्हणतो ते बरंचसं एवढंच असतं, की ठिपका ठिपक्यासारखा दिसावा.

आणि जुळा भाऊ? पांढरा एलईडी हा आतून निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर दिलेला असतो. थर थोडा निळा पिऊन पिवळा उजेड सोडतो, उरलेला निळा त्यात मिसळतो, आणि आपल्याला पांढरा दिसतो. थर बेताचा असेल तर निळा बराच शिल्लक राहतो, तो कूल व्हाईट. बल्बच्या खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असतं तो हाच. थर दाट आणि लालसर असेल तर वॉर्म व्हाईट, २७०० किंवा ३००० केल्विन. तारेचा बल्ब २७०० च्या आसपास असायचा. पणतीची ज्योत आणखी खाली, १९०० च्या जवळपास. आकडा जितका लहान तितका उजेड उबदार, हे उलटं आहे पण लक्षात ठेवायचं.

तर २०२३ ची माझी एलिगंट माळ म्हणजे वेषांतर केलेला निळा होता. बाबा दवाखाना म्हणाले ते शंभर टक्के बरोबर होतं. मी मुद्दाम तपासलं. ती माळ पुन्हा लावून खाली एक पणती ठेवली. पणती दिसेचना! म्हणजे दिसत होती, पण पेटल्यासारखी वाटत नव्हती. एक मळकट नारिंगी ठिपका. आई म्हणाली, "तेल संपलं वाटतं." तेल काठोकाठ होतं. मग ठरवलं, हीच कसोटी. कुठलीही माळ लावल्यावर पणती पेटलेली दिसली पाहिजे. ज्या रोषणाईत दिवाच विझलेला दिसतो तिला दिवाळीची रोषणाई म्हणायला मी तयार नाही.

या कसोटीवर पहिला नापास कोण झाला असेल? माळ नाहीच, आमचा आकाशकंदील! नारिंगी कागदाचा, घरी बनवलेला, आणि आत मी लावलेला नऊ वॅटचा ६५०० चा बल्ब. एक ज्योत साधारण बारा-तेरा लुमेन उजेड देते आणि नऊ वॅटचा एलईडी आठशे-नऊशे. सत्तर पणत्यांचा उजेड एका कंदिलात कोंबला होता मी. बरं, एवढं करून कंदील मात्र फिकाच, कारण नारिंगी कागद निळा उजेड अडवतो, आणि या बल्बमध्ये निळाच जास्त. जो वाया जाणार तोच जास्त भरलेला. शिवाय खालच्या तोंडातून न गाळलेला पांढरा झोत सरळ फरशीवर. बल्ब काढून पाच वॅटचा, २७०० चा लावला. वॅट कमी, तरी कागद जास्त पेटल्यासारखा दिसायला लागला. माळेला हात लावायच्या आधी कंदिलातला बल्ब बदला, निम्मं काम तिथेच होतं. साठच्या बल्बच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता, कारण वॉर्म सोडून दुसरा बल्ब मिळतच नव्हता.

मग आम्ही दोघं तपकीर गल्लीत गेलो. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिथे जाणं म्हणजे काय हे पुणेकरांना सांगायला नको. इथे एक चूक झाली ती आधी सांगतो. "वॉर्म व्हाईट द्या" म्हटलं तर दुकानदाराने "गोल्डन घ्या, सेमच आहे" म्हणून माळ दिली. मी उजेडात बघितली, पिवळी दिसली, घेतली. घरी लावली आणि आईने बाल्कनीत काढलेल्या रांगोळीतला लाल रंग तपकिरी झाला. हिरवा काळा झाला. आम्ही तिघंही कावीळ झाल्यासारखे दिसत होतो. ती वॉर्म व्हाईट नव्हतीच, निव्वळ पिवळ्या एलईडीची माळ होती. त्यातून एकच पिवळा येतो, त्यात लाल नाही की हिरवा नाही, मग रांगोळीतल्या लालने परत पाठवायचं काय? हायवेवर पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे असायचे, त्यांच्याखाली सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या वाटायच्या, तोच प्रकार. लांबून ही माळ छान दिसते, हे मान्य. पण बाल्कनीत माणसं बसणार असतील, फराळाचं ताट येणार असेल, तर घेऊ नका. चकलीसुद्धा आजारी दिसते.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शहाणे होऊन गेलो. बाबांनी दुकानदाराकडून एक रिकामं पुठ्ठ्याचं खोकं मागितलं. पेटलेली माळ खोक्यात सोडायची, झाकण अर्धवट लावायचं आणि आत बघायचं. दिव्याकडे नाही, खोक्याच्या आतल्या बाजूवर पडलेल्या उजेडाकडे. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली डोळा पांढऱ्याला सरावलेला असतो, तिथे काहीही पिवळसर दिसतं. खोक्यात तो लबाडी करू शकत नाही. मी खिशातून आईच्या कुंकवाची पुडी काढून आत धरली. लाल लालच दिसलं तर माळ खरी, तपकिरी दिसलं तर 'गोल्डन'. दुकानदार आमच्याकडे असा बघत होता की काय विचारू नका. पण तीन माळांमधली एकच पास झाली. फोनवर फोटो काढून घरी आईला विचारण्यात अर्थ नाही, कॅमेरा स्वतःच्या अकलेने रंग सुधारून घेतो आणि दवाखानासुद्धा देवघर करून दाखवतो.

ती वॉर्म व्हाईट माळ, दहा मीटर, रेलिंगला लावली. तीन बाजू मिळून अठरा फूट, म्हणजे साडेपाच मीटर, त्यावर हलके झोल देत दहा मीटर बरोबर पुरली. एकच केलं, दिवे रेलिंगच्या आतल्या बाजूने, भिंतीकडे तोंड करून. क्रीम भिंतीला निळ्याचं वावडं आहे, निळा पडला की ती राखाडी होते, आणि उबदार उजेड पडला की साय धरल्यासारखी दिसते. पणती पेटलेली दिसत होती. मी खूश. इथे माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

बाबा म्हणाले, "छान आहे. लग्नाच्या हॉलसारखं."

आणि मंडळी, इथेच माझं भांडण दुसऱ्या पार्टीशी सुरू होतं. आमच्या पिढीने ठरवून टाकलंय की सुरुची म्हणजे फक्त वॉर्म व्हाईट. रंग लावला की माणूस गावठी. हॉटेलच्या लॉबीत, लग्नाच्या हॉलमध्ये, कॉफीच्या दुकानात, आणि आता प्रत्येक बाल्कनीत तोच एक सोनेरी पडदा. बारा मजले वर बघा, सगळीकडे एकच सेटिंग, जणू बिल्डरने पझेशनबरोबर दिलंय. मीही त्याच कळपातला, म्हणून तर बाबांना ऑर्केस्ट्रा बार म्हणालो. पण त्या डब्यातल्या माळेने माझं तोंड बंद केलं होतं. चार रंग होते आणि सुंदर होते. मग रंग वाईट कसे?

म्हणून २०२४ ची ती पिशवी काढली. शंभर दिवे, क्रमाने लाल, हिरवा, निळा, पिवळा, म्हणजे प्रत्येकी पंचवीस. निळे कापून काढायचा विचार डोक्यात आला तर सोडून द्या. ही माळही आतून सिरीजमध्येच असते, एक दिवा कापला की रांग बंद, आणि तारेत २३० व्होल्ट खेळत असतात. आम्ही प्लग काढून पंचवीस निळ्या दिव्यांवर काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे गुंडाळले. एलईडी तापत नाही म्हणून हे चालतं. जुन्या तारेच्या बल्बवर असलं काही करू नका. टेपच्या जागी कंदिलाचा पिवळा जिलेटीन कागदही चालतो, ते मी आधी करून बघितलं. निळ्या दिव्यावर दोन पदर धरले की तो जवळजवळ विझतो, लाल-पिवळ्याला फारसा फरकच पडत नाही. कूल व्हाईट माळ घेऊन बसलेल्यांसाठीही हाच उपाय आहे, पिवळ्या-नारिंगी जिलेटीनमागे ती बरीच माणसाळते.

पेटवली. निळा गेला, आणि ताबडतोब हिरवा बोलायला लागला! हे मला अपेक्षित असायला हवं होतं. अंधारात डोळ्याला निळ्यासारखाच हिरवाही जास्त दिसतो. मोठा गुंड गेला की धाकटा गल्ली ताब्यात घेतो तसं. बाबा खाली पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले आणि फोनवरून सूचना देऊ लागले. जवळून बघून काही ठरवता येत नाही, कारण लांबून दिवे एकमेकांत मिसळायला लागतात आणि उरतो तो सगळ्यांचा मिळून एक रंग. निळ्यासकट तो जांभळट-पांढरट यायचा, निळा काढल्यावर पोपटी झाक यायला लागली. "हिरवे निम्मे कर!" फोनची गरज नव्हती, अख्ख्या सोसायटीला ऐकू गेलं. मी एक सोडून एक हिरवा टेपने झाकला. उरले पंचवीस लाल, पंचवीस पिवळे, तेरा हिरवे.

पुन्हा पेटवली आणि फोनवर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग बाबा म्हणाले, "हां. आता कसं."

ती माळ आम्ही रेलिंगला लावली नाही. खिडकीच्या चौकटीभोवती, कंदिलाच्या मागे लावली. वॉर्म व्हाईटचा उजेड आधीच भिंतीवर पसरलेला होता, त्यावर हे लाल-पिवळे-हिरवे ठिपके बसले. जुन्या टोप्यांच्या देठातून जो पिवळा निसटायचा त्याचं काम आता रेलिंगची माळ करत होती.

लुकलुकण्याबद्दल वेगळी पोस्ट लागेल. एवढंच सांगतो की त्या डबीवरच्या आठ मोडपैकी 'स्टेडी ऑन' शेवटचा असतो आणि आमच्या डबीला मेमरी नाही. लाईट जाऊन आली की ती इमानदारीने पहिल्या मोडवर जाते आणि सगळं नाचायला लागतं. डीफॉल्ट कोणी ठरवला तो मला एकदा भेटावा.

हापिसात हे सांगितलं तर एकाने नेहमीचा बाण मारला, "रंग सब्जेक्टिव्ह असतो यार. कोणाला निळा आवडतो." आवडू दे की! माझा शर्टही निळा आहे. शर्ट दुसऱ्याच्या बेडरूममध्ये उजेड पाडत नाही. आवड तुमची, पण रात्री कोणता रंग डोळ्यात घुसतो हे आवडीवर ठरत नाही. समोरच्या बाल्कनीतला निळा माझ्या छतावर रात्री दोन वाजता दिसतो, पिवळा दिसत नाही, आणि दोघांच्या माळा एकाच किमतीच्या आहेत. अपवाद एकच मान्य आहे. शेजारच्या साडेतीन वर्षांच्या कन्येला निळाच दिवा हवा होता. बाबांनी तिला एका निळ्यावरची टेप काढून दिली. एक. तो तुळशीच्या मागे, पानांआड ठेवला आणि तिथून तो शाईच्या थेंबासारखा दिसतो, अगदी जुन्या टोपीसारखा. एकाला माझी हरकत नाही.

टोप्यांची माळ मात्र आम्ही बाल्कनीत लावली नाही. वायर कडक होऊन तडकायला लागली आहे, आई म्हणाली जीव घ्यायचाय का कोणाचा. ती परत बिस्किटांच्या डब्यात गेली. बाबांनी झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय, "चालू आहे. १७ वा बल्ब बदलला."

असो. समोरचा स्टुलावरून खाली उतरलाय आणि लांबून माळेकडे बघतोय. जाऊन बोलावं म्हणतो. आमच्याकडे टेपचं अर्धं रीळ उरलंय.